बटनाच्या फोननंतर काय? अँड्रॉइड, आयफोन आणि खर्चाचा हिशेब

बटनाचा फोन वापरणारा माणूस आज स्मार्टफोनच्या दुकानात शिरतो तो बहुतेक वेळा नाइलाजाने. 2017 मध्ये जिओफोन आला तेव्हा बटनांच्या फोनला नवे आयुष्य मिळाल्यासारखे वाटले होते. दीड हजार रुपये अनामत, त्यात कायओएस ही प्रणाली, आणि 2018 पासून त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही. पण जून 2024 मध्ये कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेणे बंद झाले आणि 2025 च्या सुरुवातीला ते वापरणेही थांबले. पैशांच्या बाबतीत मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय 123 पे सुरू केले. ते आजही चालते, पण दुकानातला क्यूआर कोड बहुतेक साध्या फोनना वाचता येत नाही. शेतकऱ्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. त्यात स्वतःच्या बांधावर उभे राहून, जागेच्या नोंदीसह पिकाचा फोटो काढावा लागतो. बटनाच्या फोनची हद्द तिथे संपते.

मग सल्ले सुरू होतात. घरातला एक जण म्हणतो आयफोनच घ्या, पैसे वसूल होतात. दुसरा म्हणतो अँड्रॉइड घ्या, गल्लीत दुरुस्त होतो. हा वाद जुना आहे, पण तो प्रामुख्याने दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलणाऱ्या लोकांनी घातलेला आहे. साधा फोन आठ-दहा वर्षे वापरणाऱ्या माणसाची सवय वेगळी असते, आणि त्या सवयीने उत्तर बदलते. म्हणून या आढाव्यात दुरुस्तीचा खर्च, अपडेट आणि जुन्या फोनला मिळणारा भाव हे तीनच मुद्दे घेतले आहेत. कॅमेरा, वेग, दिखाऊपणा बाजूला ठेवले आहेत.

उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या हडको भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न समोर ठेवतो. त्यांची खुलताबाद तालुक्यात थोडी शेती आहे आणि हातात वर्षानुवर्षे नोकियाचा फोन आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आले. पुण्यातला मुलगा म्हणाला, "बाबा, मी नवा घेतोय, माझा आयफोन 12 तुम्ही वापरा. नाहीतर नवा 16ई हप्त्यावर घेऊ." भाचा म्हणाला, "मामा, वीस हजारांच्या आतला सॅमसंग घ्या, काही झाले तर औरंगपुऱ्यात तासाभरात नीट करून आणतो." दोघांचेही हेतू चांगले आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ते कुठपर्यंत टिकते ते पाहू.

दुरुस्ती: गल्ली आणि सर्व्हिस सेंटर

बटनाच्या फोनमध्ये दुरुस्ती हा खर्चाचा विषयच नव्हता. मागचे झाकण नखाने उघडायचे, बीएल-5सी बॅटरी काढून दुसरी बसवायची, झाले. ती बॅटरी इतकी रुळली होती की इतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त फोनमध्येही तीच बसत असे. त्यामुळे कंपनी बुडाली तरी फोन चालू राहत असे. आपल्याच शहराजवळच्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने 2009 मध्ये स्वतःच्या नावाचे मोबाईल बाजारात आणले होते. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तसले साधे फोन बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर पुढेही चालवता येत होते.

स्मार्टफोनमध्ये हे राहिले नाही. बॅटरी आत चिकटवलेली असते, पाठ गरम करून उचकटावी लागते. नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी तीनच: डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंगची जागा. चार्जिंगचे काम बहुतेक स्वस्तात होते, कारण अनेक अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा छोटा बोर्ड वेगळा काढता येतो. खरा खर्च डिस्प्लेचा.

दुरुस्तीवाले डिस्प्ले आणि टच मिळून बनलेल्या भागाला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. एकाच मॉडेलचा फोल्डर दोन-तीन दर्जांत मिळतो आणि त्यांच्या किमतींत दुप्पट-तिप्पट फरक असतो. मूळ डिस्प्ले अ‍ॅमोलेड असेल, तर स्वस्त फोल्डर बहुधा साध्या एलसीडीचा असतो. तो बसतो, चालतो, पण रंग फिके पडतात, उन्हात दिसत नाही, बॅटरी जास्त खातो, आणि काचेखाली बोटाचा ठसा वाचणारी सोय असेल तर ती बंद पडते. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दुकानातच पूर्ण काळे चित्र उघडायचे आणि वर तळहाताची सावली धरायची. अ‍ॅमोलेड असेल तर काळा भाग बंद पडल्यासारखा काळाकुट्ट दिसतो. एलसीडी असेल तर मागून करडा उजेड झिरपताना दिसतो. कडेकडेने बोट फिरवून टच सगळीकडे लागतो का, हेही पैसे देण्याआधी पाहावे.

म्हणजे भाच्याचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. गल्लीत फोन तासाभरात नीट होतो. काय बसवले, हे मात्र विचारावे लागते.

आयफोनच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. अ‍ॅपल आपले महत्त्वाचे भाग त्या त्या फोनशी जोडून ठेवते. आयफोन 11 पासून बाहेरचा डिस्प्ले बसवला की फोन तशी सूचना दाखवतो. 2021 मध्ये आयफोन 13 आला तेव्हा बाहेर डिस्प्ले बदलला तर चेहरा ओळखण्याची सोयच बंद पडायची. टीका झाल्यावर ते आयओएस 15.2 मध्ये बदलले. त्याच आवृत्तीत फोनमधले भाग खरे आहेत का, हे दाखवणारी नोंद आली. Settings > General > About मध्ये Parts and Service History दिसते, आणि ओळख न पटलेल्या भागापुढे Unknown Part असे येते. 2024 च्या आयओएस 18 पासून वापरलेले पण अस्सल अ‍ॅपल भाग नव्या फोनशी जोडून घेण्याची सोय मिळाली. त्याच वेळी चोरीच्या फोनचे भाग वापरण्याला आळाही घातला गेला.

यावर दोन बाजू आहेत आणि दोन्हींना वजन आहे. अ‍ॅपलचे म्हणणे असे की चेहरा, बोटाचा ठसा, पैसे हे सगळे ज्या भागांतून जाते ते खात्रीचेच हवेत, आणि भाग विकता आले नाहीत तर फोन चोरण्यात चोराला फायदा उरत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे असे की यामुळे गिऱ्हाईक कंपनीच्याच दारात जाऊन पडते आणि भाव कंपनी ठरवते. मार्च 2023 मध्ये अ‍ॅपलने जुन्या आयफोनची बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतला दर 20 डॉलरने वाढवला, तेव्हा ज्यांचे फोन आधीच घेतलेले होते त्यांच्या हातात काहीच नव्हते. सुट्या भागांचे दर फोन घेतानाच गोठत नाहीत, ही बाब दोन्ही बाजूंच्या फोनला लागू आहे. आयफोनमध्ये पर्याय कमी असल्याने ती जास्त बोचते, इतकेच.

मराठवाड्यात अंतराचाही हिशेब येतो. अ‍ॅपलचे स्वतःचे दुकान महाराष्ट्रात आधी एप्रिल 2023 मध्ये मुंबईच्या बीकेसीत आणि नंतर सप्टेंबर 2025 मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात उघडले. इतर शहरांतले काम अधिकृत सेवा देणाऱ्यांवर चालते. फोन घेण्याआधी अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर आपल्या शहरात असा सेवादाता कोण आहे ते पाहावे. मग तिथे फोन करून दोन प्रश्न विचारावेत: या मॉडेलची बॅटरी इथेच बदलता की बाहेर पाठवता, आणि किती दिवस लागतात? हेच दोन प्रश्न सॅमसंग, शाओमी, विवो यांच्या सेंटरलाही विचारावेत. मोठ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर सुट्या भागांचे किंवा दुरुस्तीचे अंदाजी दर देतात. ज्या मॉडेलवर मन बसले आहे त्याचा डिस्प्ले कितीला आहे, हे विकत घेण्याच्या दिवशीच पाहून कागदावर लिहून ठेवलेले बरे. डिस्प्लेची किंमत फोनच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल, तर तो फोन एकदा फुटला की दुरुस्त करावा की फेकावा हा प्रश्न येणारच.

बॅटरीबद्दल थोडे. आयफोन 14 आणि त्याआधीच्या मॉडेलची बॅटरी साधारण 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येईल अशा बेताने बनवलेली आहे, 15 पासून हा आकडा 1,000 आहे. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर पहिल्या गटात दोन वर्षांच्या आतच बॅटरीची जाणवण्याइतकी झीज होते. साध्या फोनवाल्यांचा वापर कमी असतो, म्हणून त्यांना जास्त काळ मिळतो. बॅटरी गेल्याची खूण म्हणजे फोन 20-30 टक्के दाखवत असताना अचानक बंद पडणे. पाठ एका कडेने उचललेली दिसली तर ती फुगली आहे. मग चार्जिंग लावूच नये, सरळ दुकान गाठावे.

अपडेट: लेखी वचन आणि आजवरचा रिवाज

बटनाच्या फोनला अपडेट नसायचे आणि त्याची गरजही नसायची, कारण त्यात बँक नव्हती. स्मार्टफोनमध्ये दोन प्रकारचे अपडेट येतात. एक म्हणजे प्रणालीची नवी आवृत्ती, जिने दिसणे आणि सोयी बदलतात. दुसरे म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, जी दिसत नाही पण सापडलेली भगदाडे बुजवते. दीर्घकाळ फोन ठेवणाऱ्याला दुसऱ्या प्रकाराची काळजी जास्त.

बरीच वर्षे इथे आयफोन सरळ पुढे होता. कारण साधे आहे: फोन, त्याची मुख्य चिप आणि प्रणाली ही सगळी एकाच कंपनीची. अँड्रॉइडमध्ये गूगल प्रणाली देते, चिप बनवणारी कंपनी त्यावर आपले काम करते आणि मग फोनची कंपनी. एका टप्प्यावर कोणी हात आखडला की खालचा फोन मागे राहतो. म्हणून स्वस्त अँड्रॉइड फोन दोन वर्षांत वाऱ्यावर सोडले जात असत.

हे चित्र गेल्या काही वर्षांत खरोखर बदलले. ऑक्टोबर 2023 मध्ये गूगलने पिक्सेल 8 साठी सात वर्षांचे वचन दिले, जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस24 साठी तेच केले. आपल्या शिक्षकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ऑक्टोबर 2024 मध्ये घडली. 18,999 रुपयांना आलेल्या गॅलेक्सी ए16 5जी या फोनला सॅमसंगने सहा वर्षांचे वचन दिले. या किमतीत असे आधी ऐकिवात नव्हते. पण त्याच भावात दोन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षांची सुरक्षा देणारेही फोन शेजारच्या काचेत असतात, आणि काउंटरवरचा मुलगा तो फरक आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

अ‍ॅपलची गोष्ट उलट आहे. भारतीय गिऱ्हाइकाला ती आकडा लिहून देत नाही, पण तिचा रिवाज दमदार आहे. 2018 चे एक्सआर आणि एक्सएस 2024 च्या आयओएस 18 पर्यंत चालले आणि सप्टेंबर 2025 च्या आयओएस 26 मध्ये गळाले. 2019 चा आयफोन 11 मात्र त्यात आहे. म्हणजे साधारण सात वर्षे, आणि नंतरही काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या. लेखी म्हणायचे तर ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या कायद्यामुळे अ‍ॅपलला किमान मुदत जाहीर करावी लागली. ती पहिल्या विक्रीपासून पाच वर्षे आहे, सॅमसंग आणि गूगलच्या सातपेक्षा कमी. लेखी वचन भरवशाचे की वर्षानुवर्षांचा रिवाज, यावर जाणकारांत एकमत नाही. सॅमसंगची सात वर्षे अजून पूर्ण व्हायची आहेत, त्यामुळे निकाल लागलेला नाही.

एक गफलत मात्र टाळता येते. ही सगळी वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. ए16 ची सहा वर्षे ऑक्टोबर 2024 पासून, म्हणजे 2030 पर्यंत. दुकानात तो आज कोरा मिळाला तरी मधला काळ गेलेलाच आहे. मुलाच्या आयफोन 12 ची गोष्ट तशीच, तो 2020 चा.

अपडेट थांबले म्हणजे फोन त्या दिवशी मरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने 2025 मध्ये आपली किमान अट आयओएस 15.1 आणि अँड्रॉइड 5 अशी केली. अँड्रॉइड 5 ही 2014 ची आवृत्ती. आयओएस 15 ही 2021 ची, पण ती 2015 च्या आयफोन 6एस वरही चालते. म्हणजे यंत्राच्या वयाने पाहिले तर दोन्हीकडे जवळपास सारखीच सवलत आहे. बँकांची अ‍ॅप मात्र जास्त कडक असतात. फोन पूर्ण निकामी होण्याआधी तो पैशांच्या कामासाठी निकामी होतो. अँड्रॉइडमध्ये Settings मध्ये About phone खाली Android security update ची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल आणि नवे काही येत नसेल, तर त्या फोनवर बँक ठेवू नये.

पुनर्विक्री: टक्के वेगळे, रुपये वेगळे

"आयफोनला भाव येतो" हे वाक्य खरे आहे. वापरलेला आयफोन घेणारा गिऱ्हाईक लगेच मिळतो, आणि तेवढ्याच किमतीच्या अँड्रॉइडपेक्षा त्याचे टक्के जास्त परत येतात. याची कारणे बाजारातच आहेत. अँड्रॉइडमध्ये दर दोन-चार महिन्यांनी त्याच भावात नवे मॉडेल येते आणि सणाच्या ऑनलाइन सेलमध्ये कोरा फोनच इतका उतरतो की जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही. अ‍ॅपल वर्षातून एकदा मोठी भर घालते आणि जुन्या मॉडेलचा भाव ठरलेल्या पायरीने उतरवते. आयफोन 15 हा 79,900 चा होता, सप्टेंबर 2024 मध्ये 69,900 झाला. पुढच्या सप्टेंबरात 16 चेही तेच झाले. म्हणूनच आयफोन विकायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये विकावा. सप्टेंबरनंतर दुकानदार कोऱ्याचा उतरलेला भाव दाखवून आपला आणखी खाली ओढतो.

पण हे वाक्य ज्या तुलनेतून जन्मले ती तुलना सारख्या किमतीच्या फोनांची होती. 79,900 चा आयफोन 15 आणि 79,999 चा गॅलेक्सी एस24, यांत टक्क्यांचा फरक थेट रुपयांचा फरक ठरतो, आणि तिथे आयफोनची बाजू भक्कम आहे. तेच वाक्य 60,000 चा आयफोन आणि 19,000 चा अँड्रॉइड यांना लावले की ते दिशाभूल करते. समजा दोन वर्षांनी आयफोन 16ई निम्म्या किमतीला गेला आणि ए16 फक्त एक तृतीयांशाला. टक्क्यांत आयफोन जिंकला. रुपयांत आयफोनने 29,950 गमावले आणि अँड्रॉइडने 12,666. खिशातून टक्के जात नाहीत.

शिवाय भाव मिळण्यासाठी विकावे लागते. आठ-दहा वर्षे फोन न बदलणाऱ्या माणसाला पुनर्विक्रीचा फायदा कागदावरच राहतो, कारण तो विकायला जाईल तेव्हा अपडेट संपलेले असतील आणि कोणाचाही फोन भंगाराच्या जवळ गेलेला असेल. आयफोनची पुनर्विक्री-किंमत ही मुख्यतः लवकर बदलणाऱ्यांची मिळकत आहे. या वादात हे जितक्या स्पष्टपणे सांगायला हवे तितके सांगितले जात नाही, असे मला वाटते.

दुकानदार भाव कसा लावतो तेही पाहण्यासारखे आहे. आयफोन हातात घेतला की तो आधी बॅटरीची टक्केवारी आणि भागांची नोंद उघडतो. Unknown Part दिसले की भाव तिथेच पडतो. म्हणजे गल्लीतल्या स्वस्त डिस्प्लेने वाचवलेले पैसे विकताना काही प्रमाणात परत द्यावे लागतात. दुरुस्ती आणि पुनर्विक्री हे दोन मुद्दे आयफोनमध्ये असे एकमेकांत गुंतलेले आहेत, अँड्रॉइडमध्ये तितके नाहीत. मग दुकानदार बिल आणि खोके मागतो, आणि *#06# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहतो.

जुना फोन घेणाऱ्यानेही हेच करावे. केंद्र सरकारच्या संचार साथी सेवेत तो क्रमांक तपासता येतो. KYM लिहून एक जागा सोडून आयएमईआय टाकायचा आणि 14422 वर संदेश पाठवायचा. ही सोय बटनाच्या फोनवरूनही चालते. क्रमांक काळ्या यादीत निघाला तर फोन चोरीचा किंवा रोखलेला आहे. त्यानंतर मालकाने त्याचे खाते आपल्यासमोर काढले पाहिजे, आयफोनवर अ‍ॅपलचे, अँड्रॉइडवर गूगलचे. ते न काढता फोन कोरा केला, तर सुरू होताना तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि हातातला फोन दगड होतो.

शिक्षकांचा हिशेब

आता तिन्ही पर्याय एका पाटीवर मांडू. फोनचे भाव बाजारात आले तेव्हाचे धरले आहेत, दुरुस्तीचे आणि विक्रीचे आकडे केवळ हिशेबासाठी घेतलेले अदमास आहेत. वाचकाने आपल्या दुकानात विचारून स्वतःचे आकडे घालावेत, रीत तीच राहते.

पहिला, नवा ए16. किंमत 18,999. वापर साडेचार वर्षे, म्हणजे 54 महिने. त्यात एकदा डिस्प्ले आणि एकदा बॅटरी मिळून 7,500 धरू. शेवटी विक्री शून्य. एकूण सुमारे 26,500, म्हणजे महिन्याला 491 रुपये.

दुसरा, नवा 16ई. किंमत 59,900. तेवढाच काळ, बॅटरी एकदा 8,000, डिस्प्ले फुटलाच नाही असे उदारपणे धरू, आणि शेवटी किमतीचा एक तृतीयांश परत आला असेही धरू. उरतात सुमारे 47,900, म्हणजे महिन्याला 888. याशिवाय सुरुवातीला जास्तीचे जे 40,901 गुंतले त्यांचे मुदत ठेवीतले सहा टक्के सरळ व्याज साडेचार वर्षांत 11,000 च्या घरात जाते. हप्त्यावर घेतला तर व्याज मिळण्याऐवजी द्यावे लागू शकते.

तिसरा, मुलाचा आयफोन 12. घरच्यांच्या मते फुकट. पण मुलगा तो विकणार होता की नाही, यावर सगळे ठरते. दुकानदार त्याला 14,000 देणार असेल आणि तो विकणारच असेल, तर वडिलांना दिल्याने घरातून 14,000 गेलेच. पाच वर्षांहून जुन्या फोनची बॅटरी बदलावी लागणारच, तिचे 7,000. तीन वर्षे वापर धरला तर 21,000 भागिले 36, महिन्याला 583. नव्या ए16 पेक्षा महाग, आणि डिस्प्ले फुटला तर आणखी. मात्र तो फोन कपाटातच पडून राहणार असेल, तर खर्च फक्त बॅटरीचा. महिन्याला 194 रुपये, तिन्हींत सर्वांत स्वस्त.

म्हणजे शिक्षकांनी भाच्याला किंवा दुकानदाराला विचारण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारायला हवा: तू हा विकणार आहेस का?

हा पर्याय घ्यायचा ठरला तर तीन कामे आधी करावी लागतील. मुलाने आपले खाते पूर्ण काढावे आणि वडिलांचे स्वतंत्र खाते उघडावे. मुलाच्याच खात्यावर फोन चालू ठेवला तर पासवर्ड पुण्यात आणि फोन खुलताबादला अशी गत होते. पैसे, आधार, सातबारा यांसाठी जी अ‍ॅप लागतात ती आयफोनसाठी मिळतात का, हे एकेक करून पाहावे. सरकारी अ‍ॅपच्या बाबतीत हे गृहीत धरू नये, आणि ई-पीक पाहणी हेच फोन घेण्याचे मुख्य कारण असेल तर हीच तपासणी सर्वांत आधी. आणि आयफोन 12 ला जुनी लाइटनिंग केबल लागते. घरातले बाकीचे चार्जर टाइप-सी असतील, तर शेतावर जाताना वेगळी केबल बरोबर ठेवावी लागेल.

जे अजून ठरलेले नाही

काही प्रश्नांना आज कोणाकडेच पक्के उत्तर नाही. पहिला म्हणजे अपडेट नेहमी हितकारकच असते का. 2017 च्या अखेरीस अ‍ॅपलने मान्य केले की जुन्या बॅटरीचे आयफोन अपडेटनंतर मुद्दाम मंद केले जात होते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण तांत्रिक होते, पण सांगितले नव्हते. त्याबद्दल कंपनीने माफी मागितली आणि बॅटरीचा दर काही काळ उतरवला. भारतात 2023-24 मध्ये अनेक अ‍ॅमोलेड अँड्रॉइड फोनवर हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी आल्या, आणि बऱ्याच जणांना ती अपडेटनंतर दिसली. वनप्लस आणि सॅमसंगने काही मॉडेलचे डिस्प्ले मोफत बदलून दिले. दोष अपडेटचा की डिस्प्लेचा, याचे समाधानकारक स्पष्टीकरण गिऱ्हाइकांना मिळाले नाही. सात वर्षांचे अपडेट घेणाऱ्या फोनची बॅटरी आणि डिस्प्लेही सात वर्षे साथ देतील का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

दुसरा प्रश्न कायद्याचा. युरोपात 20 जून 2025 पासून नव्या फोनला विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग देणे बंधनकारक आहे, आणि खोक्यावर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि मे 2025 मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाची चौकट सुचवणारा एका समितीचा अहवाल ग्राहक व्यवहार खात्याकडे आला. तो निर्देशांक सक्तीचा होऊन खोक्यावर छापला गेला, तर औरंगपुऱ्यात फोन घेणाऱ्या माणसाला डिस्प्लेचा दर शोधत बसावे लागणार नाही. सुट्या भागांचे दर किती काळ स्थिर राहतील, हा प्रश्न मात्र उरतोच. शिक्षकांच्या हिशेबातली सर्वांत डळमळीत रक्कम तीच आहे.